सतरा आठवडे

बेबीमून हा शब्द त्याने बोटीवरच्या स्वयंपाक्याकडून उचलला होता. बाळ यायच्या आधी नवरा-बायकोने एकदा निवांत फिरून यायचं, एवढा साधा अर्थ. पण हा पडला बोटीवरचा इंजिनवाला. निवांतपणाचंसुद्धा वेळापत्रक केल्याशिवाय त्याला चैन पडेना. आठवडाभर खपून त्याने चार दिवसांत अकरा ठिकाणं बसवली आणि परीक्षेला निघालेल्या पोराच्या उत्साहाने तो कागद घेऊन तो बायकोसोबत सहलवाल्या बाईंच्या ऑफिसात हजर झाला.

औषधाच्या दुकानावरची ती एक लहानशी खोली होती. टेबल, तीन खुर्च्या आणि सहलीच्या एकाही चित्राशिवाय चक्क कोरी भिंत. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा खाली घेतला.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण फिरायचंय कुणाला? तुम्हाला की ह्यांना?"

बायको फिस्सकन हसली. "मॅडम, ह्याला बोट बंदराला लागली की तास मोजून फिरायची सवय आहे. मला तर सकाळी उशिरा उठायचंय, एवढंच."

"मग तेच बसवू."

बाईंनी पेन्सिल घेतली आणि बघता बघता त्याच्या कागदाची दाणादाण उडवली. डोंगरमाथ्यावरचा मुक्काम गेला, कारण एवढ्या उंचीवर आधीच धाप लागते आणि खाली यायला तीन तास वळणाचा रस्ता. वेगाची होडी गेली, आदळआपट नको म्हणून. गरम पाण्याचं कुंड गेलं. "अंग फार तापू द्यायचं नाही आता," बाई म्हणाल्या. "साधी कोमट अंघोळ करा, हवी तेवढी." गुहा तर त्याने स्वतःच खोडली, बाईंच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होईना.

उरलं काय, तर तलावाकाठचं एक गाव. विमानाने सव्वा तास, पुढे चाळीस मिनिटं सपाट रस्ता. तळमजल्यावरची खोली, दारासमोर चालायला सावलीची वाट, आणि वीस मिनिटांवर बाळंतपणाची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल.

"विमानात कडेची जागा घ्या, मधूनमधून उठता येतं. पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवर. दिवसाला एकच काम ठरवायचं, आणि तेही जमलं नाही तर सोडून द्यायचं. निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना हे सगळं दाखवा. त्या नको म्हणाल्या तर मीही नको म्हणेन."

बायकोने मान डोलावली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा सैल झालेला त्याने पाहिला आणि त्याला फार बरं वाटलं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा बोटीवर चढणार होता. बाळ बहुतेक त्याच्या आधी घरी पोचणार होतं. तिला कामावरून सुट्टीही तेवढीच मिळाली होती. फक्त दोघांनी मिळून घालवायचे म्हणून हेच चार दिवस होते, आणि ते हातचे जाऊ नयेत म्हणून त्याने एवढी धडपड केली होती.

"आता विम्याचा फॉर्म," बाई म्हणाल्या. "किती आठवडे झाले?"

"एकोणीस," बायको म्हणाली.

"नाही हो," तो लगेच म्हणाला. हॉटेलच्या बिलातली चूक दाखवावी इतक्या सहज. "सतरा. मी बोटीवरून घरी आलो त्यालाच आज सतरा आठवडे झाले. माझ्या पक्कं लक्षात आहे."

बाईंचं पेन थांबलं.

"एकोणीस," बायको पुन्हा म्हणाली. "परवाच डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"एकोणीस कसे असतील? त्याआधी पाच महिने मी समुद्रात होतो. मग हे दोन आठवडे..."

आणि तो तिच्याकडे वळला. वाक्य त्याने पुरं केलं नाही. पण त्या नजरेने ते पुरं केलं. आपण असं बघतोय हे त्याचं त्यालाही कळलं, आणि तरी नजर हटेना. दोन आठवडे. घरात कोण येत-जात होतं, ती फोनवर काय काय म्हणाली होती, हे सगळं त्याच्या डोक्याने भराभर उपसायला सुरुवातसुद्धा केली होती.

"अहो," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. सगळ्यांचेच. दिवस राहतात ते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे त्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात कुणीच नसतं. तुम्ही आलात तेव्हाचंच आहे हे. बरोबर जुळतंय."

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. मगाशी सरकली होती ती बायकोच्या नावाने. आता सरकली ती स्वतःच्या. सात वर्षांच्या संसारात जिच्यावर आवाज चढवला नाही, तिला त्याने एका परक्या बाईच्या टेबलासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि त्याला लागलं होतं जेमतेम अर्धं मिनिट.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "अगं, खरंच माहीत नव्हतं मला."

"असेल," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. "तीनदा डॉक्टरांकडे आलास. तिन्ही वेळा बाहेर बसून ठिकाणं शोधत होतास. आत आला असतास तर कळलं असतं. पण ते जाऊ दे. माहीत नसणं मी समजू शकते. तुला हिशोब जुळला नाही, तर 'हे कसं गं?' एवढं विचारायचं होतंस मला. तू विचारलं नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस."

"चुकलो. पाया पडतो तुझ्या, हवं तर इथेच..."

"नको. बस खाली."

तो बसला. बाई उगाचच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागल्या. खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

मग तिने बाईंनी टेबलावर ठेवलेला तलावाकाठच्या खोलीचा फोटो स्वतःकडे ओढून नीट पाहिला.

"मॅडम, नको म्हणून जे जे खोडलंत, त्यात आता ह्यालाही धरा," ती म्हणाली. "मला तिथे खरंच शांत झोपायचंय. डोळे मिटले की ह्याचं ते बघणं समोर येणार असेल, तर कसली झोप? दुसरं तिकीट माझ्या ताईचं काढा. थोरली बहीण आहे. तिला सुट्टी मिळेल."

"अगं, असं काय करतेस? चारच दिवस आहेत आपल्याकडे!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. "माझ्याकडेही तेवढेच होते."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "उद्या ठरवलंत तरी चालेल हो. घाई नाही."

"नाही, आत्ताच करा."

बाईंनी फॉर्म पुढे ओढला. सोबतीच्या रकान्यात बहीण असं लिहिलं. पुढची ओळ वाचताना त्यांचा आवाज जरा अडखळला. "काही झालंच, तर तातडीने कुणाला कळवायचं?"

तो पुढे सरकला. तोंडातून स्वतःच्या फोनचे पहिले दोन आकडे बाहेरही पडले.

"आईला," ती म्हणाली, आणि आईचा नंबर सावकाश, एकेक आकडा सांगू लागली.