सहा गोण्यांचा शब्द

बारा मार्च, दुपारचे तीन. सिमेंटच्या सहा गोण्या रिकाम्या आणि भिंतींच्या नव्वद चौरस मीटरपैकी छत्तीस अजून उघडे. ताईच्या घराचा गिलावा सहा गोण्यांत आज उरकण्याचा शब्द तिच्या कंत्राटदार भावाने दिला होता. एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, असा एकास सहा माल, बारा मिलिमीटर जाडी, म्हणजे गोणीला पंधरा चौरस मीटर.

“दाजी, सिमेंट खाल्लंत की काय?” त्याने विचारले.

“वाळू वाढव, पुरेल,” गवंडी असलेले दाजी म्हणाले.

वैतागून त्याने ओल्या गिलाव्यात खिळा खुपसला. तो वीस मिलिमीटर आत गेला.

“भिंत ओळंब्यात नाही. गिलाव्यानं सरळ करतोय,” दाजी म्हणाले.

“आणि रचली कोणी?”

दाजी थापी धुऊ लागले. ताईने कपाळाला हात लावला.

वीस मिलिमीटरला गोणी नऊच चौरस मीटर पुरते. आणखी चार गोण्या लागल्या.