हशा ओसरताना

श्रुतिकांचं भाषांतर करताना माझा एकच हट्ट असायचा: हसवणारा शब्द अगदी शेवटी हवा. इंग्रजीत तो आपसूक शेवटी येतो. आपल्याकडे त्याच्या मागून क्रियापद लोंबकळत राहतं आणि विनोद थंड होतो. रेडिओ केंद्रातले लोक मला खडूस म्हणायचे. म्हणोत.

बहात्तरच्या उन्हाळ्यात एक इंग्रजी श्रुतिका माझ्याकडे आली. हरवलेल्या नवऱ्याची तक्रार द्यायला बाई पोलीस चौकीत येते. नवरा मंगळवारी गेला आणि ही शनिवारी उगवली. इतके दिवस काय करत होतात, असं हवालदार विचारतो. बाई म्हणते, घरातली शांतता मोडायला मन होईना. आमचे हे, चंद्रभान, वारून तेव्हा चारच महिने झाले होते. तरी मी काम घेतलं, कारण नंदनवन वस्तीतल्या त्या घरात नुसतं बसून राहणं मला जमत नव्हतं.

स्टुडिओत प्रेक्षक नसतात, म्हणून हशा फितीवरून घालतात. केंद्रातली हशाची फीत तीन वर्षांपूर्वी एका नाटकाच्या प्रयोगात भरून आणलेली होती. त्या प्रयोगाला आम्ही दोघं होतो. ह्यांना विनोद उशिरा कळायचा. सगळं नाट्यगृह हसून गप्प झालं की लकडगंजच्या वखारीतला हा माणूस एकटाच मोठ्यानं हसायचा. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या दंडाला जोरात चिमटा काढला. हसणं तिथेच तुटलं, आणि पुढे चारचौघांत ते कधी हसलेच नाहीत. फितीवर ते तसंच उतरलं होतं: "हा हा..." आणि मग काही नाही. ते ऐकायलाच मी तालमीला जायचे, हे कबूल करते.

माझं पहिलं भाषांतर असं होतं: "घरात इतकी शांतता होती, की ती मोडावीशी वाटली नाही." बाईचं काम करणाऱ्या कौसल्यानं ते नीट म्हटलं. ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या दादाजींनी हशा वर आणला, मग हळूहळू खाली नेला. ह्यांचं हसणं आलंच नाही. मी तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तीच फीत, तीच जागा. गर्दी हसली, हे हसले नाहीत.

 पण मला कारण ठाऊक होतं. त्यांना खोटं हसता येत नसे, आणि माझं वाक्य जमलं नव्हतं.

घरी येऊन मी वाक्य मोठ्यानं म्हणत बसले. एकेक शब्द काढून टाकला. शेवटी राहिलं ते असं: "घर शांत होतं." मग एक थांबा. मग, "बरं वाटलं." ही शेवटची अक्षरं लिहिताना मी रडले, हे सांगायला मला लाज नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत कौसल्यानं ते तसंच, मधे थांबून म्हटलं. गर्दी हसली, ओसरली, आणि "हा हा..." आलं. पण त्याच क्षणी हवालदाराचं काम करणारा देवराव बोलला, "मग आता काहून आल्या?" आणि हसणं त्याखाली चिरडलं गेलं. निर्माते बाबाराव काचेआडून बोट खाली आणायचे, त्या खुणेवर तो बोलायचा. खूण थोडी उशिरा द्या, असं मी म्हटलं. हशा उतरू लागला की पुढचं वाक्य आलंच पाहिजे, थांबलात तर दोन्ही विनोद मेले, असं ते म्हणाले. बरोबर होतं. मीही दुसऱ्या कुणाला हेच सुनावलं असतं. त्यात दादाजींनी सांगितलं, की फितींची टंचाई आहे, ही हशाची फीत उद्या ध्वनिमुद्रण झालं की पुसणार.

ध्वनिमुद्रणाला मी बाबाराव आणि दादाजींच्या मध्ये बसले. काचेपलीकडे कौसल्या म्हणाली, "घर शांत होतं." थांबली. "बरं वाटलं."

गर्दी हसली. हशा उतरू लागला. बाबारावांचं बोट वर होतं, ते तसंच राहिलं.

"हा हा..." पण ह्या वेळी ते तुटलं नाही. एकट्या माणसाचं हसणं, पोटातून येणारं, घरी जेवताना ठसका लागेपर्यंत चालायचं तसं. देवराव खुणेची वाट बघत काचेकडे पाहत होता. दादाजींनी दोन्ही हात यंत्रावरून उचलले.

"फीत त मी बंद केली, बाई," ते हळूच म्हणाले. हशाचं चाक खरंच स्थिर होतं. कर्ण्यातून हसणं येतच होतं.

बाबारावांचं बोट अजून वरच होतं. वेळ पार बिघडली, थांबवून पुन्हा घेऊ, असं ते कसंबसं पुटपुटले आणि माझ्याकडे बघू लागले. वेळेसाठी भांडणारी मीच होते ना.

"राहू द्या," मी म्हटलं. "त्यायले समजाले थोडा वेळ लागते."