लाल आहे ना?

माझा नवरा मला फसवतोय, असा संशय मला आधी डाळिंबाच्या दाण्यांवरून आला.

आमचा रसाचा गाडा हॉस्पिटलच्या फाटकासमोर आहे. पेशंटची माणसं डाळिंबाचे दाणे न्यायला येतात, तीही रोजची. तीच आता तोंड वाकडं करायला लागली होती. "वहिनी, हल्ली दाणे फिके असतात हो. आंबटही." मी वाटीत बघितलं. फिकट गुलाबी दाणे, आणि त्यात पांढरे पापुद्रे. आमच्या गाड्यावर पापुद्रा? नवऱ्याने आयुष्यात असा दाणा कुणाला दिला नव्हता.

त्याची पद्धत ठरलेली. डाळिंबाचा मुकुट सुरीने उडवायचा, सालीवर जिथे उंचवटे दिसतात तिथेच वरवर उभ्या चिरा द्यायच्या आणि फळ हलकेच उघडायचं. एक दाणा फुटत नसे. पण महिनाभर त्याने सुरी जवळजवळ सोडलीच होती. फळ आडवं कापायचं, अर्धुक तळव्यावर पालथं धरून जरा दाबायचं की लाकडी चमच्याने पाठीवर धपाधप. दाणे भराभर भांड्यात. "ही नवी तऱ्हा कुठून शिकलात?" म्हटलं, तर म्हणे, "बाजारात. लवकर होतं."

बाजारात म्हणजे छत्रीवालीकडे! पिवळ्या छत्रीखाली बसणारी ती बाई. दुसऱ्या कुणाकडे तो हल्ली जातच नव्हता. माझं डोकं सणकलं. आमचा गाडा बुडवून हा माणूस तिचा माल खपवत होता, आणि का, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी मी डोक्यावरून ओढणी घेऊन त्याच्या मागे गेले. बटाट्याच्या पोत्यांआड उभी राहिले. तो डाळिंबं एकेक हातावर तोलत होता. दोन सारख्याच आकाराची घ्यायची, जड असेल ते ठेवायचं, हलकं परत टाकायचं. सालीवरून अंगठा फिरवायचा, बाजू चपट्या झाल्यात का बघायचं. हे सगळं बरोबर होतं, रसदार फळ असंच कळतं. पण मग तो ते फळ तिच्यापुढे धरायचा. ती हसून मान डोलवायची आणि तोही हसायचा. घरी माझ्याशी इतका गोड हसला त्याला किती काळ लोटला होता! मी तणतणत परत आले.

संध्याकाळी मी टेबलावर दोन डाळिंबं ठेवली. एक गडद लाल, दुसरं पिवळट, कच्च्या रंगाचं. वजनाला सारखीच.

"यातलं चांगलं लाल बघून सोला," मी म्हटलं. मला वाटलं, कच्चं गळ्यात मारायला गेला की रंगेहाथ पकडीन.

त्याने दोन्ही तोलली. हुंगली. बराच वेळ खिडकीकडे धरून बघितली, आणि पिवळट उचललं. कापलं. आतून दाणे जवळजवळ पांढरे.

"बघ," तो खुशीत म्हणाला, "कसे लालभडक निघालेत."

मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तो थट्टा करत नव्हता. त्याने चमचा शोधायला हात फिरवला. चमचा त्याच्या समोरच होता, तरी हात बाजूच्या भांड्याला लागला. मग मला सुरी आठवली, पापुद्रे आठवले.

"अहो, तुम्हाला रंग दिसत नाही का?"

त्याने हातातलं अर्धुक भांड्यात ठेवलं. मग म्हणाला, "सगळं मातकट दिसतं. धुकट. सुरी चालवायची भीती वाटते. तुला कळलं असतं तर गाडा बंद करायला लावला असतास."

"म्हणजे ती छत्रीवाली..."

"तिला विचारतो. लाल आहे का सांग, म्हणतो. भली बाई आहे गं. कधी नाही म्हणत नाही."

कधी नाही म्हणत नाही! मला रडू येत होतं आणि रागही. त्याचा, माझा, आणि त्या पिवळ्या छत्रीचा. त्याच्याजवळ बसून त्याचा हात धरला. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. समोरच हॉस्पिटल आहे, लाज कसली?" छत्रीवालीबद्दल मात्र मी काही बोलले नाही.

सकाळी पुन्हा त्याच्या मागे गेले. या वेळी पोत्यांआड थांबले नाही. त्याने एक जड डाळिंब निवडलं आणि नेहमीसारखं पुढे धरलं. पिवळट, हिरव्या डागाचं.

"लाल आहे ना?"

"एकदम लाल, दादा," ती हसत म्हणाली. "तुमच्यासाठीच बाजूला काढलं होतं."

मी त्याच्या खांद्यामागून पुढे झाले आणि ते फळ त्याच्या हातातून घेतलं.

"पुन्हा सांग," मी म्हटलं. "माझ्याकडे बघून सांग."