कोरा रकाना

धर्माबादच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते. निम्मे पेशंट तेलंगणातले, म्हणून मला तेलुगू वाचता येतं. आमच्याच गल्लीत वाढलेल्या, आता निजामाबादच्या सासरहून लातूरला राहायला गेलेल्या मनिषानं लेकीच्या तेलुगूतल्या लसीकरण कार्डाचा फोटो पाठवला. "मावशी, नव्या शाळेला मराठीत पायजे. लुंबिनीचे सगळे डोस झालेत."

बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, एकेक नाव तारखांसकट उतरवत गेले. गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाला अडले. 'ठरलेली तारीख' भरलेली होती, 'दिलेली तारीख' कोरी.

मी फोनवर खडसावलं, "ही नुसती बोलावल्याची तारीख हाय. डोस दिलेलाच न्हाई. ध्यान कुठं होतं तुझं?"

तिनं तारीख विचारली. मग म्हणाली, "त्या दिवशी लुंबिनीच्या बापाला दवाखान्यातून घरी आणलं, मावशी. झाकून."

मी खडसावणं थांबवलं. रकाना मात्र मी कोराच ठेवला. पोरगी साडेचार वर्षांची. पाच वर्षांपर्यंत हा डोस सरकारी दवाखान्यात देतात, तेवढं सांगितलं.

बुधवारी पुन्हा कार्डाचा फोटो आला. त्या रकान्यात लातूरच्या नर्सबाईनं निळ्या पेनानं तारीख लिहिली होती. खाली मनिषाचा मेसेज होता, "आता भरा, मावशी."