मागच्या सीटवरची गोष्ट

गाडी पारखायची बाबांची एक रीत होती. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा वर. आणि मागे बसलेल्याने नेहमीच्या आवाजात काहीतरी सांगत राहायचं. चालवणाऱ्याला एकदा जरी "काय?" म्हणावं लागलं, तरी गाडी नापास. मागे बसायचा मान आईचा.

बाबांना जाऊन सात महिने झाले. तेवढ्या काळात आई एकदाही मावशीकडे गेली नव्हती. तिच्या कण्यातला एक मणका चेपलाय आणि मावशीच्या घराआधीचा रस्ता पार उखडलेला आहे. जुन्या गाडीत प्रत्येक खड्डा तिच्या पाठीत उतरायचा. म्हणून आम्ही दुसरी गाडी शोधत होतो. सोमवारी पाहिलेली गाडी मऊ होती, पण होडीसारखी डुलत होती, आईला मळमळलं.

"आज ही शेवटची," तिने मला बजावलं. "दुखलं तर पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. बहिणीशी बोलायला फोन आहे माझ्याकडे."

शोरूममधल्या पन्नाशीच्या विक्रेत्याचा टाय पोटावर आडवा विसावला होता. आईने माझ्या कानात त्याचं 'टायवाले' असं बारसं केलं.

"काकू, पुढे बसा, ऐसपैस."

"पुढे मला कोण बसवणार आहे रोज? मी मागेच."

मी गाडी काढताच शेजारी बसलेल्या टायवाल्यांनी रेडिओ लावला. "आवाज बघा काय सुंदर आहे."

"गाण्याचा सुंदर आहे," आई म्हणाली. "आता गाडीचा ऐकू द्या."

त्यांनी रेडिओ बंद केला. मी पंखा बंद केला आणि गोदामांमागच्या रस्त्याकडे वळले. ट्रकांनी तो खणून ठेवलाय.

"ताई, ट्रायलचा रस्ता सरळ आहे."

"आमचा असा आहे."

मी वेग तीसवर ठेवला. आईने गोष्ट सुरू केली. "आम्ही शाळेत होतो. तुझ्या मावशीने माझी नवी कोरी छत्री..."

धाड!

"...छत्री घेऊन..." पुढचं ऐकूच आलं नाही. आरशात पाहिलं, तर तिने डोळे मिटून पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. मी गाडी कडेला घेतली.

"राहू दे गं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. "चल, परत जाऊ."

मी हात स्टीअरिंगवरच ठेवून बसले. काहीतरी जुळत नव्हतं. मोठ्या खड्ड्याचं समजू शकत होते. पण इथे बारीक खडीसुद्धा टणटण वाजत होती, चाकं चेंडूसारखी उडत होती. आधी हवा बघ, मग गाडीला शिव्या दे, असं बाबा म्हणायचे. जुनी गाडी बदल्यात द्यायची म्हणून सकाळीच मी तिचा कप्पा रिकामा केला होता. त्यांचा हवा मोजायचा गेज माझ्या पर्समध्येच होता.

दाराच्या खांबावरच्या कागदावर हवेचा दाब लिहिला होता तेहतीस. गेजने दाखवले पंचेचाळीस. चारही चाकांत तेच.

टायवाले खाली वाकले आणि टाय सावरत उठले. "गाड्या यार्डात उभ्या असतात ना, टायर बसू नयेत म्हणून हवा जास्त भरतात. शोरूमला आल्यावर कमी करायची असते." मग ते म्हणाले, "ही कालच आली. राहून गेलं. माफ करा, काकू."

"अहो, मग माझी पाठ दगडावर बसून आली की!" आई म्हणाली.

मी एकेका टायरची हवा सोडली. टायर तापलेले होते, म्हणून पस्तीसवर थांबले. गार झाल्यावर बरोबर होईल. मग रस्त्याच्या सुरुवातीला परत आले. तोच रस्ता, तोच वेग, आई त्याच जागी.

"छत्री," मी आठवण करून दिली.

"हां. तर ती छत्री हिने मैत्रिणीला दिली आणि घरी सांगितलं, वाऱ्याने नेली. तेव्हा वारा कुठला? पान हलत नव्हतं."

खडीचा आता नुसता घरघर आवाज येत होता, दूरच्या खोलीतून यावा तसा. मोठा खड्डा आला. गाडी दबली, उठली आणि लगेच स्थिर झाली.

"हा लागला," आई म्हणाली. "पण सीटलाच. पाठीपर्यंत नाही आला."

माझे खांदे कधीचे कानापर्यंत चढलेले होते, ते तेव्हा कुठे खाली आले.

ती बोलतच राहिली. छत्रीवरून बाबांवर आली. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात त्यांनी तिला मागे बसवून बडबड करायला लावली होती, आणि नव्या नवरीला सांगायला काही सुचेना, म्हणून तिने पाढे म्हटले होते. सात महिन्यांत ती त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. मी वेग वाढवला नाही.

"गप्प का? ऐकू येतंय ना?"

"सगळं येतंय."

गोदामं संपली. टायवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. मागे आईने फोन लावला होता.

"अगं, रविवारी येतोय आम्ही," ती मावशीला सांगत होती. "आणि ऐक, छत्रीचं लेकीला सगळं सांगून टाकलंय. वाऱ्याचं नाव काढू नकोस."