मग तुम्ही काय केलंत?

सत्त्याण्णव साली अंबरनाथचा रंगाचा कारखाना बंद पडला आणि तिथला पॅकिंगचा सुपरवायझर श्यामकांत बदलापुरात घरी बसला. शेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण विचारतो? वर्षभर कुणी विचारलं नाहीच. मग एका परदेशी कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं आणि अख्ख्या घराचा जीव त्यात अडकला.

भाची कुंदा मुंबईत तसल्याच कंपनीच्या पर्सोनेल खात्यात, नोकरभरतीच्या कामावर होती. तिने येऊन मामाची शिकवणीच घेतली.

"मामा, 'मी मेहनती आहे' वगैरे चालणार नाही. खरा घडलेला प्रसंग विचारतील. आधी परिस्थिती, दोन वाक्यांत. मग तुम्ही स्वतः काय केलंत, ते नीट क्रमाने. शेवटी रिझल्ट, जमलं तर आकड्यात."

श्यामकांतचं घोडं मधल्या भागातच अडायचं. प्रत्येक प्रसंगात "कंपनीने ठरवलं". जन्मभर त्या शब्दाआड सुखाने राहिलेला माणूस!

"नोकरी कंपनीला नकोय, तुम्हाला हवीय," कुंदा वैतागली. जाताना तिने हिरामणला कामाला लावलं. "काका, हे 'कंपनी' म्हणाले की विचारायचं, मग तुम्ही काय केलंत?"

हिरामण त्याच कारखान्यातला पॅकर. कारखाना बंद व्हायच्या कितीतरी आधी त्याला कमी केलं होतं. आता उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात एका सिंधी शेठकडे कापडाचे गठ्ठे उचलायचा. तरी दर रविवारी श्यामकांतकडे यायचा. कारखान्यातला तेवढा एकच माणूस त्याला आपला वाटायचा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, तालीम सुरू झाली.

"डबा भरायचा, उचलून वजनकाट्यावर ठेवायचा, परत उतरवायचा. माल वेळेत निघेना. तेव्हा कंपनीने–"

"मंग तुम्ही काय केलं, सायेब?" हिरामण मिश्कील हसला.

"मी आठवडाभर उभं राहून पाहिलं, वेळ कुठे जातो ते. डबे ज्यावरून सरकतात त्या रोलरच्या वाटेतच काटा बसवून दाखवला. उचलणं बंद."

"आन् रिझल्ट?"

श्यामकांतची गाडी आता सुसाट निघाली होती. कितीतरी दिवसांनी तो असा रंगून बोलत होता. "सात जणांचं काम तिघांत होऊ लागलं. चार माणसं कमी करायचा प्रस्तावही मीच दिला."

बोलला आणि त्याने जीभ चावली. त्या चौघांत हिरामण होता. इतकी वर्षं तो वरच्या साहेबांना शिव्या घालायचा आणि श्यामकांत माना डोलवायचा.

हिरामण उठला. "बेस जमलंय. ह्योच सांगा. यात कंपनी कुठंच येत नाय."

चपला घालून तो निघून गेला.

मुलाखतीत दुसरा प्रसंग सांगायचा, असं श्यामकांतने ठरवलं होतं. पण मुलाखत घेणाऱ्या साहेबाने नेमकं तेच विचारलं: स्वतःहून काम सुधारल्याचा प्रसंग. घर डोळ्यांपुढे आलं. त्याने तोच सांगितला, न अडखळता, आकड्यासकट.

"कमी केलेल्या माणसांशी संबंध कसे राहिले?" साहेबाने खोदून विचारलं.

याची तयारी केली नव्हती. खरं तेच तोंडून गेलं. "त्यांतल्याच एकाने काल माझी तयारी करून घेतली."

"वा!" साहेब खूश झाला. "म्हणजे माणसं जोडून ठेवता तुम्ही. आम्हाला असाच माणूस हवाय."

श्यामकांतला शरमेने मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "थँक यू, सर."