फिओनाकडे फक्त वीस मिनिटं मागायची होती

आनंदीच्या मेलला फिओनाचं उत्तर आलं आणि फ्लॅट बुश उपनगरातल्या त्या घरात एकच जल्लोष झाला. ऑकलंडमध्ये नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारी बाई, आणि तिनं चक्क लिहिलं होतं, "वा, छान काम! मनापासून शुभेच्छा!"

"बघ!" आनंदी नवऱ्याला म्हणाली. "आवडलं तिला!"

अक्षतनं चहा खाली ठेवला. "मग भेटणार कधी?"

आनंदीनं उत्तर पुन्हा वाचलं. भेटीचं अवाक्षरही नव्हतं. असणार कसं? आनंदीबाईंनी पानभर मेल लिहिला होता. पुण्यातलं शिक्षण, बँकेतली नोकरी सोडून स्वतःचं यंत्र बनवल्याची कहाणी, "आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व", आणि शेवटी "कधी सवड झाली तर घरी जेवायला अवश्य या". सगळं होतं, फक्त मागणं नव्हतं! आपल्याकडे मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते, त्याला कोण काय करणार?

आनंदीला रडूच फुटलं. बँकेतल्या जुन्या साहेबानं तिची जागा राखून ठेवली होती आणि उत्तर आजच हवं होतं. फिओना भेटायला तयार झाली नाही तर मुकाट्यानं परत जायचं, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं.

"तुझं यंत्र करतं काय? एका वाक्यात सांग," अक्षत म्हणाला.

"कॅफेतला फ्रिज गरम व्हायला लागला की माल खराब व्हायच्या आत मालकाला फोनवर कळतं. इथल्या बॉटनी भागातले कॅफे पैसे देऊन वापरतात."

"हेच लिही. आणि काय हवंय ते."

तिनं लिहिलं. वर ते वाक्य, खाली मागणी: "आमच्या पहिल्या गुंतवणूकदार व्हाल का, हे बोलायला मला तुमची वीस मिनिटं हवी आहेत. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी, तुमच्या ऑफिसात. चालेल?"

"अगं बाई, किती उद्धट वाटतंय! निदान जेवणाचं तरी..."

"आनंदी!"

तिनं डोळे मिटून बटण दाबलं आणि उगाचच ओटा पुसत बसली. ओटा लखलखीत झाला तेव्हा कुठे फोन किणकिणला. फिओनाचं उत्तर आलं होतं.

"आत्ता कळलं तुम्हाला काय हवंय! गुरुवारी साडेआठ. एखादा कॅफेमालक फोनवर बोलायला तयार असेल तर उत्तम. कॉफी माझ्याकडून."

आनंदीनं अक्षतला अशी मिठी मारली की बिचाऱ्याचा चष्माच तिरका झाला. तो सरळ करत त्यानं जपून विचारलं, "अजून नुसती भेट आहे हं. बँकेला काय कळवतेस?"

तिचा अंगठा फोनवर चालू होताच. "जागा राखल्याबद्दल आभार. मी परत येत नाही."

"अगं, जरा गोड शब्दांत तरी लिही!"

"गोड कसलं, खरं लिहिलंय," आनंदी म्हणाली आणि पाठवूनही मोकळी झाली.